स्टारमध्ये चालते, डेल्टात जाताना अडते: स्टार-डेल्टा स्टार्टरचा दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

कृष्णाकाठच्या एका उपसा सिंचनाच्या पंपावर २० एचपीची मोटर भरून आणली होती. बटण दाबले की स्टारमध्ये ती सुरेख उचलत असे, तिन्ही फेजवर टाँगटेस्टर सारखाच ११ अ‍ॅम्पियरच्या आसपास आकडा दाखवत असे आणि आठव्या सेकंदाला डेल्टा पडला की मोटर गुरगुरून तीन-चार सेकंदांत ओव्हरलोडवर बंद होत असे. मी प्रथम टायमर बदलला, मग डेल्टा कॉन्टॅक्टर बदलला आणि शेवटी, आता सांगायलाही संकोच वाटतो, ओव्हरलोडची चकती १६ वरून २० वर नेली. दोष या तिन्हींपैकी एकातही नव्हता. तो कोठे होता हे पुढे येईलच, पण त्या दिवसापासून मी जी पद्धत पाळतो ती येथे मांडत आहे. आयटीआय करून नुकतेच कामाला लागलेले वायरमन आणि स्वतःच्या पंपाचा स्टार्टर समजून घेऊ इच्छिणारे शेतकरी यांना ती उपयोगी पडावी.

पद्धतीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. स्टारमध्ये वाइंडिंगची यू२, व्ही२ आणि डब्ल्यू२ ही तीन टोके स्टार कॉन्टॅक्टरने एकत्र बांधलेली असतात, म्हणजे विजेच्या दृष्टीने तो एकच बिंदू असतो. त्यामुळे या तीन टोकांची आपसात अदलाबदल झालेली असेल, त्यांच्यामधले इन्सुलेशन कमजोर असेल किंवा डेल्टा कॉन्टॅक्टरचा एखादा पोल जळालेला असेल, तर स्टारमध्ये त्याचा मागमूसही लागत नाही. डेल्टात मात्र हीच टोके वेगवेगळ्या फेजवर जातात आणि झाकलेले सगळे उघडे पडते. म्हणून ‘स्टारमध्ये चालते, म्हणजे मोटर चांगली आहे’ हा निष्कर्ष काढू नये.

हाताशी काय असावे

- मोटरच्या नेमप्लेटवरील नोंद: एचपी किंवा किलोवॅट, पूर्ण भाराचे अ‍ॅम्पियर आणि व्होल्टेजपुढील जोडणीचे चिन्ह
- स्टार्टरच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवलेली आकृती. ती फाटली असल्यास आपण स्वतः काढलेली
- मोटर भरून आणली असल्यास वाइंडरने दिलेली टोकांच्या खुणांची चिठ्ठी
- मल्टिमीटर, टाँगटेस्टर आणि ५०० व्होल्टचा मेगर
- दोन बल्ब सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प (दोन फेजमध्ये एकच बल्ब लावल्यास तो फुटतो)
- टोके सोडण्यापूर्वी खुणा करण्यासाठी फेरूल किंवा चिकटपट्टी आणि पेन

नेमप्लेटची नोंद यादीत पहिली ठेवण्यास कारण आहे. आपल्याकडील ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर स्टार-डेल्टा स्टार्टर लावायचा असेल, तर मोटर ४१५ व्होल्टला डेल्टात चालणारी असली पाहिजे. बाहेरून आलेल्या एखाद्या यंत्रावरच्या मोटरच्या नेमप्लेटवर डेल्टासाठी २३० आणि स्टारसाठी ४०० व्होल्ट लिहिलेले असते. अशी मोटर येथे डेल्टात घातली तर दोष शोधायला फारसे काही उरत नाही, ती जळतेच.

१. पुरवठा बंद करा आणि बंद झाल्याची खात्री करा

एमसीसीबी किंवा मेन स्विच खाली ओढल्यावर त्यावर कुलूप किंवा निदान पाटी लावावी, आणि त्यानंतर कॉन्टॅक्टरच्या वरच्या तिन्ही टर्मिनलवर टेस्ट लॅम्प लावून पाहावा. लॅम्प आधी चालू असलेल्या ठिकाणी पेटवून पाहणे आवश्यक आहे, कारण बल्ब उडालेला असला तर तो सगळीकडेच ‘बंद’ दाखवतो. पंपाला कपॅसिटर जोडलेला असेल तर तो डिस्चार्ज केल्याशिवाय टर्मिनल बॉक्समध्ये हात घालू नये. शेतीच्या फीडरवर आणखी एक धोका असतो: वीज गेली आहे असे समजून काम सुरू केले जाते आणि ती मध्येच येते. मेन स्विच खाली आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे.

२. दोष कोणत्या क्षणी येतो ते आधी नक्की करा

‘स्टारमध्ये अडकतो’ या एका तक्रारीत दोन अगदी वेगळे दोष दडलेले असतात, म्हणून स्टार्टरजवळ उभे राहून कान आणि डोळे कॉन्टॅक्टरवर ठेवून एकदा तो चालू करून घ्यावा. झाकण उघडे ठेवून हे पाहताना सुरक्षित अंतरावर उभे राहावे.

बटण दाबताच मेन आणि स्टार हे दोन कॉन्टॅक्टर आत ओढले जातात. टायमरची वेळ संपली की स्टार सुटल्याचा एक ठोका आणि लगेच डेल्टा ओढल्याचा दुसरा ठोका ऐकू येतो. हे दोन ठोके नीट ऐकले की दोष चारपैकी कोणत्या गटात बसतो ते कळते.

स्टार सुटतच नसेल, तर टायमर संपर्क बदलत नाही किंवा स्टार कॉन्टॅक्टर यांत्रिकदृष्ट्या चिकटला आहे. स्टार सुटतो पण डेल्टा ओढत नसेल, तर त्या वेळी फक्त मेन कॉन्टॅक्टर आत असतो, वाइंडिंगची दुसरी टोके मोकळी असतात आणि मोटर करंट न घेता हळूहळू थांबते. लोक यालाही ‘स्टारमध्ये अडकली’ म्हणतात, पण टाँगटेस्टर शून्य दाखवतो, त्यावरून फरक लगेच ओळखता येतो. डेल्टा पडताक्षणी मोठा आवाज होऊन एमसीसीबी पडत असेल किंवा फ्यूज उडत असतील, तर शॉर्ट सर्किटचा शोध घ्यावा. डेल्टा पडून दोन-चार सेकंद किंवा अधिक काळ मोटर चालून मग ओव्हरलोड पडत असेल, तर करंट जास्त आहे किंवा असमान आहे, आणि त्याचे कारण भार, कमी व्होल्टेज किंवा चुकीची जोडणी यांपैकी एक असते.

३. मोटर सोडून स्टार्टर एकटा चालवा

हा टप्पा वगळल्यामुळेच माझा एक टायमर आणि एक कॉन्टॅक्टर वाया गेला. पुरवठा बंद करून स्टार्टरच्या आउटगोइंगवरची सहाही टोके खुणा करून सोडावीत, ती एकमेकांना किंवा बॉडीला लागणार नाहीत अशी बाजूला बांधावीत आणि मग स्टार्टर मोटरशिवाय चालवून पाहावा.

स्टार, टायमर आणि डेल्टा हा क्रम बिनचूक होत असेल, तर कंट्रोल सर्किट ठीक आहे आणि दोष पॉवर सर्किटमध्ये किंवा मोटरमध्ये आहे. मग चौथा आणि पाचवा टप्पा सोडून थेट सहाव्याकडे जावे. क्रम येथेच अडत असेल, तर मोटरला हात लावण्याची गरज नाही.

एक सावधगिरी बाळगावी. करंट पाहून काम करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर किंवा ड्राय रन रिले बसवलेला असेल, तर मोटर नसल्यामुळे करंट शून्य दिसतो आणि तो रिले स्टार्टर पाडू शकतो. हा दोष नव्हे. त्या रिलेच्या सूचनेप्रमाणे त्याला चाचणीपुरते बाजूला ठेवावे आणि चाचणी झाल्यावर न विसरता परत जोडावे.

४. टायमर वाचणे

टायमरवर वेळेची चकती असते आणि बहुतेक वेळा तिच्याशेजारी पट्टा निवडण्याची लहान कळ असते. चकतीवर ६ दिसते म्हणून ६ सेकंद असे गृहीत धरू नये. पट्टा दहापट असेल तर ते ६० सेकंद होतात, आणि मिनिटांचा पट्टा निवडला गेला असेल तर मालक ‘डेल्टा पडतच नाही’ म्हणून फोन करतो. मी पाहिलेल्या ‘स्टारमध्ये अडकलेल्या’ नव्या टायमरांपैकी काही केवळ या कळीमुळे अडकलेले होते.

त्यानंतर टायमरच्या ए१ आणि ए२ वर स्टार्ट झाल्यापासून पूर्ण वेळ कंट्रोल व्होल्टेज टिकते का ते पाहावे. कंट्रोल व्होल्टेज २४० आहे की दोन फेजमधले ४१५, हे आकृतीवरून आधीच पाहून ठेवावे, कारण मीटरची रेंज आणि आपली काळजी दोन्ही त्यावर ठरतात. व्होल्टेज टिकून असताना टायमरचा दिवा बदलतो पण संपर्क बदलत नसेल, तर टायमर बदलावा. साध्या ऑन-डिले टायमरमध्ये १५-१६ हा एनसी संपर्क स्टारकडे आणि १५-१८ हा एनओ संपर्क डेल्टाकडे जातो, तर खास स्टार-डेल्टा टायमरमध्ये स्टार आणि डेल्टा यांचे संपर्क वेगळे असतात. क्रमांक कंपनीनुसार बदलतात, म्हणून टायमरच्या अंगावर छापलेली छोटी आकृती वाचल्याशिवाय वायर हलवू नये.

या दोन प्रकारांतला फरक बदलीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो. खास स्टार-डेल्टा टायमर स्टारचा संपर्क उघडल्यानंतर साधारण ५० मिलिसेकंद थांबून मगच डेल्टाचा संपर्क बंद करतो. तेवढ्या वेळात स्टार कॉन्टॅक्टरच्या पोलमधली ठिणगी विझते. साधा ऑन-डिले टायमर हा अवकाश देत नाही. त्याचा एक पाय सुटतो आणि लगेच दुसरा लागतो. मग सगळी भिस्त इंटरलॉकवर येते. टायमर नुकताच बदललेला असेल आणि तेव्हापासून चेंजओव्हरला एमसीसीबी पडू लागला असेल, तर बसवलेला टायमर कोणत्या प्रकारचा आहे हे सर्वांत आधी तपासावे.

५. इंटरलॉक तपासणे

स्टार आणि डेल्टा एकाच वेळी आत असतील तर तिन्ही फेज एकमेकांवर थेट शॉर्ट होतात, मोटर मध्ये असण्याचा काही उपयोग होत नाही. हे टाळण्यासाठी डेल्टाच्या कॉइलच्या मार्गात स्टार कॉन्टॅक्टरचा एनसी संपर्क आणि स्टारच्या कॉइलच्या मार्गात डेल्टाचा एनसी संपर्क घातलेला असतो. चांगल्या स्टार्टरमध्ये दोघांच्या मध्ये यांत्रिक इंटरलॉकही असतो.

येथे एक सवय सोडावी लागते. डेल्टा ओढत नाही म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने किंवा काडीने डेल्टाचा आर्मेचर दाबून पाहणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. स्टार आत असताना असे केले तर विद्युत इंटरलॉकला आपण स्वतःच वळसा घातलेला असतो आणि शॉर्ट हाताच्या वितभर अंतरावर होतो. पुरवठा चालू असताना कोणताही कॉन्टॅक्टर हाताने दाबू नये.

तपासणी दोन प्रकारे करावी. पुरवठा बंद असताना स्टार कॉन्टॅक्टर सुटलेल्या स्थितीत त्याच्या एनसी संपर्कावर, म्हणजे बहुधा २१-२२ वर, मल्टिमीटरने कंटिन्युइटी पाहावी, मग आर्मेचर हाताने दाबून ती तुटते का ते पाहावे, आणि सोडल्यावर परत येते का तेही पाहावे. हे पाहताना त्या संपर्काची एक वायर सोडलेली असावी, नाहीतर मीटर दुसऱ्या मार्गाने, कॉइलमधून फिरून, भलताच आकडा दाखवतो. उसाच्या पट्ट्यातल्या उघड्या स्टार्टर बॉक्समध्ये मुंग्या, पाली आणि धूळ यांमुळे हा छोटा संपर्क लागेनासा होणे नेहमीचे आहे. डेल्टाची कॉइलही याच वेळी मोजून घ्यावी. तिच्या रोधाची तुलना शेजारच्या तशाच कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी केली की ती तुटली आहे का ते लगेच समजते.

दुसरी तपासणी चालू स्थितीत, मोटर सोडलेली असताना करावी. मीटरचा एक प्रोब डेल्टा कॉइलच्या ए२ वर ठेवावा आणि दुसरा टायमरच्या डेल्टाकडील पायापासून सुरू करून एकेक पाऊल पुढे न्यावा: टायमरचा पाय, स्टारच्या एनसीची अलीकडची बाजू, पलीकडची बाजू आणि शेवटी कॉइलचा ए१. ज्या दोन पावलांच्या मध्ये व्होल्टेज नाहीसे होते तेथे मार्ग तुटलेला आहे. पूर्ण व्होल्टेज ए१ पर्यंत पोहोचूनही कॉन्टॅक्टर ओढत नसेल, तर कॉइल किंवा कॉन्टॅक्टरचा यांत्रिक भाग दोषी आहे.

स्टार सुटत नसेल, तर टायमरने त्याच्या कॉइलचे व्होल्टेज काढल्यानंतरही आर्मेचर आत राहतो का ते पाहावे. कॉइलवर व्होल्टेज नाही आणि आर्मेचर आत, याचा अर्थ पोल चिकटले आहेत किंवा मॅग्नेटच्या तोंडावर तेल-धूळ जमून तो चिकटला आहे. अशा वेळी इंटरलॉकने डेल्टा रोखून धरला, म्हणजे त्याने आपले काम केले. तो एनसी संपर्क लूप करून ‘काम चालवणारा’ माणूस पुढच्या शॉर्टची तयारी करून ठेवतो.

६. डेल्टात आउटगोइंगचे व्होल्टेज मोजा

मोटर सोडलेली, स्टार्टर डेल्टात आणि मीटर आउटगोइंगवर: माझ्या मते एवढी एक चाचणी अर्धे भांडण मिटवते. यू१ आणि यू२, व्ही१ आणि व्ही२, डब्ल्यू१ आणि डब्ल्यू२ या तिन्ही जोड्यांमध्ये पूर्ण लाइन व्होल्टेज, म्हणजे ४१५ किंवा त्या वेळी जे असेल ते, मिळाले पाहिजे, कारण हीच जोडी एका वाइंडिंगची दोन टोके असते.

एखाद्या जोडीवर शून्य मिळाले, तर स्टार्टरच्या आतल्या वायरिंगमध्ये त्या वाइंडिंगची दोन्ही टोके एकाच फेजवर आली आहेत. एखाद्या जोडीवर अर्धवट आकडा मिळाला, तर डेल्टा किंवा मेन कॉन्टॅक्टरचा एक पोल लागत नसण्याची शक्यता आहे. डिजिटल मीटर तुटलेल्या टोकावरही भुताटकीचे व्होल्टेज दाखवतो, म्हणून तेथे टेस्ट लॅम्प लावावा. दोन्ही बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटले तरच पोल खरोखर लागतो आहे असे समजावे.

जोडणी बरोबर असण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींत मोटर एकाच दिशेने फिरते. मी आर फेजवर यू१ आणि व्ही२, वाय फेजवर व्ही१ आणि डब्ल्यू२, बी फेजवर डब्ल्यू१ आणि यू२ असे ठेवतो. टर्मिनल बॉक्समध्ये उभ्या पट्ट्या लावून डेल्टा करतो तेव्हा यू१-डब्ल्यू२, व्ही१-यू२ आणि डब्ल्यू१-व्ही२ असा दुसरा प्रकार होतो. थेट डेल्टात सुरू होणाऱ्या मोटरला त्याने काही फरक पडत नाही. स्टार-डेल्टामध्ये मात्र मधल्या क्षणी मोटर पुरवठ्याविना फिरत असते, तिच्यात उरलेले व्होल्टेज लाइनच्या मागे पडत जाते, आणि पहिल्या जोडणीत डेल्टाचे व्होल्टेज त्याच्या अधिक जवळ असते, म्हणून धक्का कमी बसतो. सगळे ठीक असूनही चेंजओव्हरला अधूनमधून एमसीसीबी पडतो अशा ठिकाणी ही जोडणी तपासण्यासारखी आहे. हे फेजचा क्रम आर-वाय-बी असा असताना लागू होते. मोटर उलटी फिरवायची असेल तर येणाऱ्या दोन फेज स्टार्टरच्या आधीच बदलाव्यात, आउटगोइंगवर एकेक टोक फिरवू नये. मात्र फेजचा क्रम उलटल्यावर कमी धक्क्याची जोडणी दुसरी ठरते, हे लक्षात ठेवावे.

७. मोटरची सहा टोके

स्टार्टर निर्दोष ठरला की मगच टर्मिनल बॉक्स उघडावा. सहाही टोके मोकळी आणि पट्ट्या काढलेल्या असल्या पाहिजेत. ही अट पाळली नाही तर पुढची प्रत्येक चाचणी फसवी ठरते.

प्रथम कंटिन्युइटी पाहावी: यू१ फक्त यू२ शी, व्ही१ फक्त व्ही२ शी आणि डब्ल्यू१ फक्त डब्ल्यू२ शी लागले पाहिजे. कृष्णाकाठच्या त्या मोटरचा दोष येथे सापडला. व्ही१-व्ही२ उघडे होते आणि व्ही१ डब्ल्यू२ शी लागत होते. वाइंडरकडून शेवटच्या दोन टोकांच्या खुणा अदलाबदल झाल्या होत्या. मी आदल्या दिवशी वाइंडिंग मोजले होते, पण टर्मिनल बॉक्समध्ये स्टारची पट्टी तशीच ठेवून यू१-व्ही१, व्ही१-डब्ल्यू१ आणि डब्ल्यू१-यू१ मोजले होते, आणि पट्टीमुळे तिन्ही आकडे साहजिकच सारखे आले होते.

त्या मोटरमध्ये डेल्टात नेमके काय होत होते ते पाहण्यासारखे आहे. माझ्या जोडणीप्रमाणे व्ही२ ची खूण असलेले टोक आर फेजवर आणि डब्ल्यू२ ची खूण असलेले टोक वाय फेजवर जात होते. पण प्रत्यक्षात डब्ल्यू२ ही खूण व्ही वाइंडिंगच्या शेवटच्या टोकाला होती, म्हणून व्ही वाइंडिंगची दोन्ही टोके वाय फेजवर आली आणि ते स्वतःवरच शॉर्ट झाले. उरलेली दोन वाइंडिंग आर आणि बी या एकाच जोडीवर, तीही परस्परविरुद्ध दिशेने, बसली. म्हणजे मोटर एका फेजवर चालत होती आणि तिच्यात एक शॉर्ट वाइंडिंग होते. एकदा डेल्टा पडल्यावर येणाऱ्या तीन वायरींवर टाँगटेस्टर लावला असता, तर वायवर जवळजवळ शून्य आणि आर-बीवर भलामोठा आकडा दिसला असता. मी तेव्हा फक्त आर फेज पाहिला होता.

कंटिन्युइटी बरोबर आली तरी एखाद्या वाइंडिंगचे सुरुवातीचे आणि शेवटचे टोक उलटे असू शकते. हा दोष स्टारमध्ये झाकला जात नाही. मोटर तेथेच गुणगुणते आणि करंट असमान दाखवते. शंका असल्यास टॉर्चचा सेल यू१ (धन) आणि यू२ (ऋण) यांना क्षणभर लावावा आणि काट्याचा मीटर सर्वांत लहान डीसी रेंजवर ठेवून आधी व्ही१-व्ही२ वर व मग डब्ल्यू१-डब्ल्यू२ वर पाहावा, धन प्रोब १ क्रमांकाच्या टोकावर. सेल लावताक्षणी दोन्ही वेळा काटा उलट दिशेला, शून्याच्या खाली, झटकला पाहिजे. एकदा उलट आणि एकदा सुलट गेला तर सुलट गेलेले वाइंडिंग उलटे आहे. दोन्ही वेळा सुलट गेला तर यू स्वतःच उलटे आहे. डिजिटल मीटरवर हा झटका दिसत नाही, म्हणून जुना काट्याचा मीटर जपून ठेवावा.

मग मेगर. प्रत्येक वाइंडिंग ते बॉडी तर सगळेच पाहतात, पण चेंजओव्हरच्या दोषासाठी वाइंडिंग ते वाइंडिंग, म्हणजे यू ते व्ही, व्ही ते डब्ल्यू आणि डब्ल्यू ते यू, हे अधिक मोलाचे आहे. स्टारमध्ये शेवटच्या तीन टोकांमध्ये व्होल्टेजचा फरकच नसतो आणि तो बिंदू जमिनीच्या जवळपास शून्यावर असतो. डेल्टा पडताच त्याच टोकांमध्ये ४१५ व्होल्ट आणि प्रत्येक टोक ते जमीन २४० व्होल्ट येतात. म्हणून ग्लँडपाशी चेंगरलेली केबल किंवा ओल धरलेले शेवटचे टोक स्टारमध्ये गप्प राहते आणि डेल्टाच्या क्षणी एमसीसीबी किंवा अर्थ लीकेज रिले पाडते. मोटरबरोबर तिच्याकडे जाणारी सहा कोरची केबलही वेगळी मेगर करावी. १ मेगओहमच्या खाली आकडा आला तर मोटर चालू करू नये, आणि चांगल्या, कोरड्या मोटरचा आकडा त्याच्या कितीतरी वर असतो. मेगर लावताना इलेक्ट्रॉनिक टायमर आणि प्रिव्हेंटर सर्किटमधून सोडलेले असावेत, नाहीतर ते जळतात.

मेगरला एकाच वाइंडिंगच्या वेढ्यांमधला शॉर्ट दिसत नाही. तिन्ही वाइंडिंगचा रोध सारखा यायला हवा, पण २० एचपीच्या मोटरमध्ये तो इतका कमी असतो की साध्या मल्टिमीटरच्या आकड्यावर विसंबता येत नाही. येथे वाइंडरकडील मीटर किंवा मोकळ्या मोटरचे तिन्ही फेजचे करंट हाच मार्ग उरतो.

८. परत जोडून वेळ आणि ओव्हरलोड लावणे

ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, मोटरकडे जाणाऱ्या यू१-व्ही१-डब्ल्यू१ च्या मार्गात असेल, तर त्यातून लाइनचा नव्हे, वाइंडिंगचा करंट जातो. नेमप्लेटवर २७ अ‍ॅम्पियर असेल तर चकती २७ ला ०.५८ ने गुणून येणाऱ्या १५.७ वर ठेवावी. या जागी बसवलेल्या रिलेचा आणखी एक फायदा असा की मोटर स्टारमध्येच राहिली तरी तो वाइंडिंगचे रक्षण करतो. रिले येणाऱ्या लाइनवर असेल तर त्यावर पूर्ण २७ लावावे लागतात, आणि तेव्हा स्टारमध्ये अडकलेल्या मोटरच्या वाइंडिंगमधून ठरावीक करंटच्या पावणेदोनपट करंट गेला तरी तो हलत नाही. चकतीवर २७ दिसते म्हणून रिले बरोबर लावला आहे असे समजण्याआधी तो कोठे बसवला आहे ते पाहावे.

टायमरची वेळ अंदाजाने न ठेवता टाँगटेस्टरवर ठरवावी. २७ अ‍ॅम्पियरची मोटर थेट डेल्टात साधारण सहापट, म्हणजे १६० च्या आसपास करंट घेईल आणि स्टारमध्ये त्याचा तिसरा हिस्सा, ५५ च्या आसपास. स्टारमध्ये सुरुवातीला हा आकडा काही सेकंद वर राहतो आणि मोटर वेगाला आली की झपाट्याने खाली येऊन स्थिरावतो. तो स्थिरावल्यावर एखाद-दुसऱ्या सेकंदाने डेल्टा पडावा. करंट खाली येण्याआधीच डेल्टा पडला, तर मोटर कमी वेगावर असताना तिला पूर्ण व्होल्टेज मिळते, थेट सुरू केल्याइतकाच झटका बसतो आणि स्टार-डेल्टाचा हेतूच फसतो. सेंट्रिफ्यूगल पंपाला डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू केले की बहुधा ६ ते १० सेकंद पुरतात.

करंट कितीही वेळ खाली येतच नसेल, तर वेळ वाढवत बसू नये. स्टारमध्ये फिरवण्याची ताकद मुळात तिसरा हिस्सा असते, आणि ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. संध्याकाळी शेतीच्या फीडरवर ४१५ ऐवजी ३५० व्होल्ट मिळत असतील, तर थेट सुरुवातीच्या ताकदीचा चौथा हिस्सादेखील उरत नाही. मोटर अर्ध्या वेगावर अडखळते, टायमर आपले काम करतो, डेल्टा पडतो आणि ओव्हरलोड किंवा फ्यूज जातो. अशा ठिकाणी दिवसा पूर्ण व्होल्टेजवर एकदा चालवून पाहावे. तेव्हा सुरळीत चालत असेल तर स्टार्टर उघडण्याची गरज नाही. दिवसाही अडखळत असेल तर बेअरिंग, पंपाचा अडकलेला इंपेलर आणि उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पाहावा.

शेवटी डेल्टात पूर्ण भारावर तिन्ही फेजचे करंट एकामागून एक मोजून स्टार्टरच्या झाकणाच्या आत, तारखेसह, खडूने नव्हे तर मार्करने लिहून ठेवावेत. कृष्णाकाठच्या त्या पंपावर खुणा दुरुस्त करून ओव्हरलोड परत १६ वर आणला तेव्हा आर २५, वाय २५ आणि बी २६ असे आकडे आले. ते अजून त्या झाकणावर आहेत, आणि त्यांच्या खाली मी काढून टाकलेल्या, पूर्णपणे चांगल्या असलेल्या टायमरची किंमत मालकाने पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.